स्वप्नात दात पडले की आधी जबडा तपासा

प्रश्न : दोन महिन्यांत चार वेळा स्वप्नात माझे दात पडले. हलतात, मग एकेक करून तळहातावर येतात. रक्त नसतं, दुखत नाही. सासूबाई म्हणतात, घरातलं मोठं माणूस जाणार. वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. नेटवर वाचलं तर म्हणे आत्मविश्वास कमी झाल्याची खूण. नक्की काय समजायचं? (वय ४१, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर :

वडिलांच्या तब्येतीचा अंदाज त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून घ्या, तुमच्या दातांकडून नको. आणि स्वप्नाचा अर्थ शोधायला बसण्याआधी उद्या सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, दोन्ही हातांची बोटं कानांच्या पुढे गालांवर ठेवून बघा. तिथला स्नायू कडक लागतो का, दाबल्यावर दुखतो का? दात एकमेकांवर घट्ट बसलेले आहेत का? बावीस वर्षं नाशकात मानसोपचार करतोय. दात पडण्याचं स्वप्न घेऊन कुणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. लोक थोडे नाराज होतात, कारण ते मनाचं काही ऐकायला आलेले असतात.

सासूबाई जे सांगतात ते त्यांच्या मनचं नाही, हे आधी मान्य करू. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात पाचवा अध्याय आहे. त्यात अशुभ स्वप्नांची जी यादी आहे, तिच्यात दात थेट चंद्र, सूर्य, नक्षत्रं, दिवा आणि डोळे यांच्या रांगेत बसवलेत. यांपैकी काहीही स्वप्नात पडलं किंवा नष्ट झालं तर ते दारुण स्वप्न. माझ्या आजीकडे (माहेर सिन्नरचं) याचीच घरगुती आवृत्ती होती. वरचा दात पडला तर वडीलधारं माणूस, खालचा पडला तर लहान. रक्त आलं तर रक्ताच्या नात्यातलं, नाही आलं तर लांबचं. दाढ म्हणजे म्हातारं. तुमच्या स्वप्नात रक्त नाही, म्हणजे आजीच्या हिशोबाने तुमचे वडील सुटले! हे गमतीत लिहितोय खरं, पण एकच स्वप्न दोन घरांत दोन माणसांवर जातं, हे लक्षात ठेवा.

ही कल्पना फक्त आपल्याकडची नाही. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीक माणसाने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे घरात राहणारी माणसं. उजवीकडचे पुरुष, डावीकडच्या बायका, पुढचे तरुण, दाढा वृद्ध. पण तोच माणूस पुढे लिहितो की कर्जदाराला हे स्वप्न पडलं तर कर्ज फिटेल. म्हणजे घरातून काहीतरी जाणार एवढंच धरायचं, ते माणूस की देणं, हे स्वप्न पाहणाऱ्यावर ठरायचं. जुन्या नाशकातले माझे मुस्लिम पेशंट इब्न सिरीन यांच्या नावावर चालणाऱ्या, स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या ताबीरनाम्यांचा हवाला देतात. त्यांतही वरचे-खालचे दात नात्यांप्रमाणे वाटलेले असतात. दात ओळीने उभे असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली, एक गेला की खिंडार दिसतं. त्यामुळे कुटुंबाशी तुलना कुणालाही सुचावी.

आता चरकाचाच पुढचा भाग, जो घरात कुणी सांगत नाही. एक तर हा अध्याय वैद्यासाठी आहे. रोग्याचं पुढे काय होणार, हे ओळखण्याच्या खुणा त्यात आहेत. असली स्वप्नं रोग्याला पडली तर तो जातो, निरोगी माणूस संशयात सापडतो आणि एखादाच सुटतो, असं तिथे म्हटलंय. म्हणजे स्वप्न ज्याला पडलं त्याच्याबद्दल ते बोलणं आहे, त्याच्या वडिलांबद्दल नव्हे. दुसरं, त्याच ठिकाणी स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं आणि मनाने रचलेलं, हे पहिले पाच निष्फळ समजावेत असं वैद्याला स्पष्ट सांगितलंय. तुम्ही पहिलं स्वप्न सासूबाईंना सांगितलंत, त्यांनी अर्थ सांगितला. त्यानंतरची स्वप्नं तर ‘श्रुत’ झालीच. शास्त्र काढायचंच असेल तर ते पूर्ण काढावं, असं मी सासवांनाही सांगतो. त्या ऐकतात, कारण चरकाचं नाव माझ्यापेक्षा मोठं आहे.

पण मग हे स्वप्न खरं ठरल्याचे किस्से प्रत्येक घरात कसे? इथे साधं गणित करू. माहेर, सासर, चुलत, मावस, आते, मामे, त्यांचे व्याही, गावाकडची भाऊबंदकी, एवढे सगळे धरले तर ज्यांच्या जाण्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचते अशी तीनशे माणसं सहज निघतात. आपल्या देशात वर्षाला हजारी सहा-सात मृत्यू होतात. तीनशेंमागे वर्षाला सुमारे दोन. तुम्हाला हे स्वप्न साधारण पंधरा दिवसांनी एकदा पडतंय. म्हणजे त्या दोघांपैकी कुणीही, कधीही गेलं तरी त्याआधीच्या पंधरवड्यात तुम्हाला दात पडल्याचं स्वप्न बहुतेक पडलेलं असणारच. ते चुकणंच अवघड. मावससासऱ्यांचे व्याही गेले तरी ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असं होतं. आणि वर्षभरात जी बावीस-तेवीस स्वप्नं कुणाच्याही मरणाशिवाय गेली, ती कुणी मोजत नाही.

आता मानसशास्त्राकडे. फ्रॉइडने १९०० साली आलेल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात दाताच्या स्वप्नाचा संबंध पुरुषांमध्ये हस्तमैथुनाच्या इच्छेशी लावला. युंगने तेच बायकांमध्ये बाळंतपणाशी, एकूणच जुनं काहीतरी सुटण्याशी जोडलं. मी शिकत होतो तेव्हा हे पाठ केलं होतं, कामात मात्र त्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही. फ्रॉइडची एक गोष्ट मात्र आवडते: नातेवाईक मरणार ही लोकसमजूत त्यालाही माहीत होती, आणि तो ती फार तर चेष्टेच्या अर्थाने मान्य करायला तयार होता. नेटवर तुम्ही वाचलेलं ‘आत्मविश्वास’, ‘दिसण्याची काळजी’, ‘हातातून काहीतरी निसटणं’ हे सगळं याच घराण्यातलं. त्यात चूक अशी नाही, पण ते कुणालाही लागू पडतं. एकेचाळीस वर्षांच्या, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या आणि वडिलांच्या काळजीत असलेल्या बाईला ‘तुमच्या हातातून काहीतरी निसटतंय’ म्हटलं तर ती नाही कशाला म्हणेल?

याची प्रत्यक्ष तपासणी झाली ती अलीकडे. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या रोझेन आणि सोफर-डुडेक या दोघींनी २१० विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या दिल्या. अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन शक्यता समोरासमोर ठेवल्या. दाताचं स्वप्न मानसिक त्रासाशी जोडलेलं आहे की तोंडातल्या जाणिवेशी? इतर प्रकारची स्वप्नं मानसिक त्रासाबरोबर वाढताना दिसली. दाताच्या स्वप्नाचा मात्र तसा संबंध लागला नाही. त्याचा संबंध लागला तो जाग आल्यावर दात, हिरड्या, जबडा यांत जाणवणाऱ्या ताणाशी.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. सगळे तरुण विद्यार्थी, सगळं स्वतःच सांगितलेलं, दंतवैद्याने कुणाचं तोंड तपासलं नाही, आणि संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. पण झोपेत शरीराला जे जाणवतं ते स्वप्नात शिरतं, हे त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत आहे. १९५८ साली डिमेंट आणि वोलपर्ट यांनी झोपलेल्या माणसांच्या अंगावर गार पाण्याचा फवारा मारून त्यांना थोड्या वेळाने उठवलं, तर शंभरातल्या ४२ वेळा पाणी कुठल्या ना कुठल्या रूपात स्वप्नात आलं होतं. म्हणजे प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा. आणि मेंदू जाणीव जशीच्या तशी नेत नाही, तिची गोष्ट करतो. जबड्यात दाब आहे, एवढंच मेंदूला कळतं. ‘दात हलतोय, निघाला’ ही त्यावर उभी केलेली गोष्ट. आपल्या सगळ्यांना सहा-सात वर्षांचे असताना दात हलण्याचा, जिभेने ढकलण्याचा, शेवटी तो हातात येण्याचा अनुभव आहेच. ‘उंदरा उंदरा, माझा दात घे, तुझा दात दे’ म्हणत तो कौलावर किंवा बिळाशी टाकलेलाही आठवत असेल. गोष्ट रचायला माल तयार असतो.

आता एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर असलेला अडतीस वर्षांचा गृहस्थ. आठवड्यातून दोन-तीनदा स्वप्न. दात चुरमुऱ्यांसारखे चुरतात आणि तो ते तोंडातून काढून खिशात भरतो. आईने अर्थ सांगितलेला, वडील येवल्याजवळ गावाकडे, वय चौऱ्याहत्तर, दम्याचा त्रास. स्वप्न पडलं की हा सकाळच्या पहिल्या एसटीने गावी जायचा. पाच महिन्यांत सोळा रजा झाल्या, तेव्हा बायकोने त्याला माझ्याकडे आणलं. वडील दर वेळी ओट्यावर बसलेले असायचे आणि ‘आज परत कसा आलास?’ म्हणून उलट त्यालाच विचारायचे.

त्याला मी अर्थ विचारला नाही. शंभर पानी वही उशाशी ठेवायला सांगितली आणि चौदा दिवस तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. स्वप्नात दात होते की नाही. उठल्या उठल्या जबडा किती अवघडलेला आहे, शून्य ते दहा. आणि आदल्या संध्याकाळी काय खाल्लं, प्यायलं, चघळलं. एक अट घातली: जबड्याचा आकडा आधी लिहायचा, मग स्वप्न. उलट केलं तर स्वप्न आठवल्यावर माणूस जबडा दुखवून घेतो. ही अट लोक विसरतात आणि मग वहीचा उपयोग राहत नाही.

चौदा दिवसांत पाच दिवस दाताचं स्वप्न. त्या पाचांपैकी चार सकाळी आकडा सहा किंवा जास्त. उरलेल्या नऊ दिवसांपैकी फक्त दोन सकाळी तो सहाच्या वर. एवढ्याशा नोंदींवरून सिद्ध काही होत नाही, पण पुढे कुठे बघायचं ते कळतं. तिसऱ्या रकान्याने खरी गंमत केली. सात महिन्यांपूर्वी त्याने तंबाखूचा मावा सोडला होता (ही बातमी त्याने मला अभिमानाने पहिल्याच दिवशी दिली होती आणि मी नुसतं ‘वा’ म्हणून सोडून दिली होती, चूक माझी). माव्याऐवजी काय? च्युइंगम. दिवसाला आठ-दहा, रात्रपाळीत त्याहून जास्त, जोडीला मशीनचा चहा. जबड्याच्या स्नायूला दिवसभर सुटी नव्हती. बायकोला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘रात्री दात खातात ना हे, करकर आवाज येतो. लहानपणी जंत झाले असतील असं सासूबाई म्हणतात.’ दात खाण्याचं खापर आपल्याकडे जंतांवर फोडतात. मोठ्या माणसांमध्ये शंभरातले साधारण आठ झोपेत दात खातात, त्यांच्या पोटात जंत असायची गरज नाही.

दंतवैद्याकडे पाठवलं. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालेली, गालाच्या आतून दात भिडतात तिथे पांढरी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. या तीन खुणा तुम्हीही आरशासमोर टॉर्च धरून पाहू शकता. त्याला रात्री वरच्या दातांवर बसवायची कडक प्लास्टिकची पट्टी करून दिली. पट्टीबद्दल एक गैरसमज असतो. तिने दात झिजायचे थांबतात, दात खाणं थांबेलच असं नाही. मी त्याचं च्युइंगम दिवसाला दोनवर आणलं, संध्याकाळनंतर बंद. आणि दिवसभरासाठी एक सवय लावली: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ अलगद टाळूला. फोनवर दर तासाला घंटा वाजली की तपासायचं. तो पहिल्या दिवशीच म्हणाला, ‘सर, दर वेळी दात आवळलेलेच सापडतात.’ खरं तर खाणं आणि गिळणं सोडलं तर दातांनी एकमेकांना लागायचं कारणच नसतं.

तीन आठवड्यांत सकाळचा आकडा दोन-तीनवर आला. स्वप्नं आठवड्याला दोन-तीनवरून महिन्याला एकावर आली. पूर्ण गेली नाहीत, हेही सांगायला हवं. आणि दात खाणं बहुतेक उथळ झोपेत होतं, गोष्टीसारखी लांब स्वप्नं मात्र मुख्यतः डोळ्यांच्या हालचालींच्या झोपेत पडतात, पहाटेकडे जास्त. त्यामुळे ‘करकर झाली की तत्क्षणी स्वप्न पडलं’ असं सरळ नसावं. माझा अंदाज असा, की रात्रभराचा अवघडलेपणा पहाटेच्या स्वप्नापर्यंत टिकतो आणि तिथे शिरतो.

चौथ्या आठवड्यात त्याच्या चुलतभावाची सासू गेली. आईचा फोन आला, ‘बघ.’ त्याने मला विचारलं, तेव्हा मी वर केलेला तीनशे माणसांचा हिशोब त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडला. शाळेत गणितात नापास झालेला माणूस, पण हे त्याला लगेच पटलं. एसटीच्या रजा थांबल्या. त्याऐवजी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावी जायचं ठरवलं, स्वप्न पडो न पडो, आणि वडिलांचा दम्याचा पंप बरोबर घेतला जातो का ते बघायचं. ओढायच्या आधी वडील श्वास बाहेर सोडतच नव्हते, हे पहिल्याच रविवारी त्याच्या लक्षात आलं.

प्रत्येकाचा जबडाच असतो असं नाही. तुमचा तपासून साफ निघाला तर मी पुढचे प्रश्न विचारीन. अलीकडे खरोखर दात काढला आहे का, दाढेत काही सैल आहे का? मला स्वतःला रूट कॅनलवरची टोपी हलत होती तेव्हा आठवडाभर हे स्वप्न पडलं, आणि ती घट्ट बसवल्यावर गेलं. नैराश्यावरची किंवा चिंतेवरची गोळी नव्याने सुरू झाली आहे का? त्यांतल्या काही औषधांनी दात आवळले जातात. अशा वेळी गोळी आपणहून बंद करायची नाही, लिहून देणाऱ्याला सांगायचं. घोरणं आहे का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का? असेल तर आधी झोपेची तपासणी, पट्टी नंतर. तोंड उघडताना जबडा अडकत असेल किंवा दोन बोटंही उभी आत जात नसतील, तर स्वप्नाचा विषय बाजूला ठेवून थेट दंतवैद्य.

आणि भीती. स्वप्न थोडं, त्याची धास्ती जास्त, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. धास्तीमुळे रात्री जाग येते, जाग आल्यामुळे स्वप्न लक्षात राहतं, लक्षात राहिल्यामुळे ते ‘वारंवार’ वाटतं. ज्यांचं जबड्याकडे बघूनही भागत नाही त्यांच्याकडून मी स्वप्नाचा शेवट बदलून घेतो. दिवसाउजेडी बसायचं, स्वप्न आठवायचं, पण दात तळहातावर आल्यावर पुढे काय होतं ते आपण ठरवायचं, आणि तेच दहा-पंधरा मिनिटं रोज डोळ्यांपुढे आणायचं. भीतीदायक स्वप्नांवर ही रीत चांगली चालते. एका आजींनी दात पदराला पुसून कवळीसारखे परत बसवले. त्यांना तेवढं पुरलं.

तुम्ही आता एवढंच करा. चौदा दिवसांची वही, आरशासमोर त्या तीन खुणा, आणि यजमानांना रात्रीच्या आवाजाबद्दल विचारणं. वडिलांची पुढची तपासणी कधी आहे ते कागदावर बघा. अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ते नेमाने घेतात का, हे विचारा. त्यांच्याबाबतीत खरा धोका तिथे असतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगावं, असं त्या म्हणत असतील तर जाऊन या गंगेवर. मात्र रामकुंडावर सकाळी दशक्रियेची गर्दी असते, आधीच मरणाचं डोक्यात घेतलेल्या माणसाने ती बघू नये. संध्याकाळी जरा वरच्या अंगाला, मोकळ्या घाटावर बसा. आणि पहाटे असं स्वप्न पडून जाग आली तर उठून बसू नका, कूस बदलून पुन्हा झोपा. चरकाच्या मते ज्या स्वप्नानंतर माणूस पुन्हा झोपत नाही तेच मोठं फळ देतं. आणि वाईट स्वप्नानंतर लगेच चांगलं पडलं, तर फळ चांगल्याचंच धरायचं.